लांब मुदतीच्या कामातलं भाववाढ कलम: सोलापूर भागातल्या अभियंत्यांचे, लेखापालांचे आणि कंत्राटदारांचे नेहमीचे प्रश्न

दोन वर्षं चालणाऱ्या कामाच्या अंदाजपत्रकात भाववाढीची ओळ बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत भरली जाते. रीकॅप शीटवर एक टक्का टाकला की ती ओळ संपली असं धरलं जातं. मग काम निम्म्यावर आलं की तीच ओळ सुप्रमाच्या, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेच्या, प्रस्तावाचं पहिलं कारण होते. शाखा अभियंते, लेखापाल आणि नव्यानं निविदा भरणारे कंत्राटदार या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत. उदाहरणांतले आकडे गणित समजावं म्हणून घेतलेले आहेत. प्रत्यक्ष हिशेबात तुमच्या निविदेतले टक्के, तुमचे स्टार रेट, म्हणजे सिमेंट-सळईचे निविदेत धरलेले मूळ दर, आणि त्या महिन्यांचे प्रसिद्ध झालेले निर्देशांकच घ्या.

भाववाढ कलम कोणत्या कामाला लागतं?

निविदेत ते कलम लिहिलेलं असेल त्याच कामाला. कलम नसेल तर सिमेंट कितीही महागलं तरी दर ठरलेलाच राहतो. किती मुदतीच्या कामाला ते घालायचं, हे खातं आणि निधीचा स्रोत यावर ठरतं. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २२५ सांगतो की १८ महिन्यांपेक्षा लांब करारांतच हे कलम घालावं आणि छोट्या मुदतीच्या करारांत दर पक्के ठेवावेत. राज्याची खाती आणि स्थानिक संस्था आपापल्या शासन निर्णयांप्रमाणे चालतात. म्हणून शेजारच्या विभागातल्या कामाला मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल, असं धरू नका. निविदा संचातल्या विशेष अटींचं पान उघडून मुदतीची अट स्वतः वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. हे कलम कंत्राटदाराचा खर्च भरून देण्यासाठी नसतं. निर्देशांक जेवढा हलला, तेवढ्याच प्रमाणात आणि ठरलेल्या हिश्शावरच रक्कम मिळते. उरलेली जोखीम कंत्राटदारानं दर भरतानाच धरली आहे, असं करार मानतो आणि बहुतेक निविदांत तसं वाक्यही असतं.

सूत्र नेमकं कसं असतं?

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक बांधकामाच्या धर्तीवरच्या निविदांत मजुरी, इतर साहित्य, इंधन, सिमेंट आणि पोलाद यांचा हिशेब वेगवेगळा होतो. चिन्हं निविदेगणिक थोडी बदलतात, पण रचना साधारण अशी असते:

```
V1 = 0.85 × P × (K1/100) × (L1 − L0)/L0
V2 = 0.85 × P × (K2/100) × (M1 − M0)/M0
V3 = 0.85 × P × (K3/100) × (D1 − D0)/D0
V4 = C0 × Tc × (CI1 − CI0)/CI0
V5 = S0 × Ts × (SI1 − SI0)/SI0
```

पहिली ओळ मजुरीची, दुसरी इतर साहित्याची, तिसरी डिझेलची, चौथी सिमेंटची आणि पाचवी सळईची. L, M, D, CI आणि SI हे त्या त्या घटकाचे निर्देशांक, 0 लावलेला आधार तिमाहीचा आणि 1 लावलेला चालू तिमाहीचा. C0 आणि S0 म्हणजे सिमेंट आणि सळईचे स्टार रेट, Tc आणि Ts म्हणजे त्या तिमाहीत वापरलेले त्यांचे टन. P म्हणजे त्या तिमाहीत झालेल्या कामाची निविदा दरानं होणारी किंमत, पण त्यातून त्याच तिमाहीत वापरलेल्या सिमेंट आणि सळईची स्टार रेटनं होणारी किंमत वजा केलेली. हे वजा करणं विसरलं की सिमेंट आणि सळईवर दोनदा भाववाढ निघते. तपासणीत सगळ्यात आधी सापडणारी चूक हीच.

K1, K2, K3 हे निविदेत दिलेले मजुरी, साहित्य आणि इंधनाचे टक्के. ०.८५ चा अर्थ असा की पहिल्या तीन घटकांत १५ टक्के भाग स्थिर धरला आहे, त्याला भाववाढ लागत नाही. केंद्राचा नियमही हा स्थिर भाग १० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवायला सांगतो. सिमेंट आणि सळईच्या ओळींत ०.८५ नाही. त्यामुळे सळई ज्या तिमाहीत जास्त बसते, त्या तिमाहीचा आकडा सगळं देयक आपल्याकडे ओढतो. डांबर किंवा पाइप असतील तर त्यांच्या वेगळ्या ओळी येतात. डांबराच्या ओळीत निर्देशांकाऐवजी बहुतेक वेळा प्रतिटन किमतीतला थेट फरक असतो.

आधार तिमाही कार्यारंभ आदेशापासून मोजायची का?

नाही. या गैरसमजामुळे अंदाजपत्रकाचं जेवढं नुकसान होतं, तेवढं दुसऱ्या कशानंही होत नाही.

अशा निविदांत L0, M0, CI0 हे आधार निर्देशांक निविदा स्वीकारण्याची शेवटची तारीख ज्या महिन्यात येते, त्याच्या आधीच्या तिमाहीचे असतात. समजा शेवटची तारीख फेब्रुवारीत होती. मग ऑक्टोबर ते डिसेंबर ही आधार तिमाही झाली. त्यानंतर लिफाफे उघडणं, वाटाघाटी, स्थायी समिती किंवा वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी, सुरक्षा ठेव आणि करारनामा हे सगळं होता होता कार्यारंभ आदेश जुलैत निघतो. पहिली कुदळ पडते तेव्हा घड्याळ तीन तिमाह्या पुढे गेलेलं असतं. कागदावर कामाला आज सुरुवात झाली, पण निर्देशांकाच्या हिशेबात पाऊण वर्ष सरलं आहे.

‘आधीची तिमाही’ म्हणजे कॅलेंडरची तिमाही की त्या महिन्याच्या लगत आधीचे तीन महिने, यावरून पुढे वाद होतात. वरच्या उदाहरणात दुसरा अर्थ लावला तर नोव्हेंबर ते जानेवारी धरावे लागतील. निविदापूर्व बैठकीत हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर शुद्धिपत्रकात येऊ द्या. काम सुरू झाल्यावर हा प्रश्न काढला तर प्रत्येक बाजू स्वतःच्या फायद्याचाच अर्थ लावते.

मजुरीसाठी सोलापूर केंद्राचा निर्देशांक घ्यायचा की अखिल भारतीय?

निविदेत जो लिहिला आहे तो. पण सोलापूरकरांनी हे नीट समजून घ्यावं, कारण औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक ज्या मोजक्या शहरांसाठी स्वतंत्र निघतो, त्यात आपलं शहर आहे. केंद्र सरकारचं लेबर ब्युरो तो दर महिन्याला केंद्रवार प्रसिद्ध करतं. गिरण्यांचं शहर म्हणून सोलापूरला या यादीत जुनी जागा आहे. अंदाजपत्रक करणाऱ्यानं शेजारच्या जिल्ह्याचा मसुदा उचलून ‘पुणे केंद्र’ तसंच ठेवलं, तर दोन वर्षं पुण्याच्या घरभाड्यावर सोलापूरच्या कामाची भाववाढ निघत राहते.

हा निर्देशांक मजुरीचा दर मोजत नाही. तो कामगार कुटुंबाचा घरखर्च मोजतो: धान्य, भाजी, कपडे, इंधन, घरभाडं, दवाखाना. घरभाड्याची पाहणी सहामाही असते, म्हणून जानेवारी आणि जुलैच्या आकड्यात घरभाड्याची वाढ एकदम उतरते. तिमाहीची सरासरी घेताना जानेवारी-मार्च किंवा जुलै-सप्टेंबरमध्ये पायरी चढल्यासारखी वाढ दिसली, तर घाबरून आकडा चुकला असं समजू नका.

आपल्या जिल्ह्यात याचा दुसरा परिणाम होतो. दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसतोडीला आणि वाहतुकीला माणसं जातात. बांधकामावरचे बिगारी मिळेनासे होतात आणि मिळाले तर हजेरी वाढवून मागतात. ती वाढ या निर्देशांकात दिसणार नाही, कारण बाजारात ज्वारी आणि तूर जैसे थे असेल तर घरखर्चही जैसे थे आहे. कंत्राटदारानं हंगामातली वाढीव हजेरी भाववाढीच्या देयकात मागू नये, ती निविदा भरतानाच दरात धरावी. खात्यानंही ‘भाववाढ दिली, मग मजूर का कमी?’ असं विचारू नये. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही.

एका तिमाहीचा हिशेब करून दाखवाल का?

एका सार्वजनिक इमारतीचं काम घेऊ. तिमाहीत निविदा दरानं ४ कोटींचं काम झालं. सिमेंट १,००० टन लागलं, स्टार रेट टनाला ६,००० रुपये, म्हणजे ६० लाख. सळई २०० टन, स्टार रेट ५०,००० रुपये, म्हणजे १ कोटी. हे दोन्ही ४ कोटींतून वजा केले की P उरतो २ कोटी ४० लाख. त्याचे ८५ टक्के म्हणजे २ कोटी ४ लाख. पहिल्या तीन ओळींचं गणित याच रकमेवर चालेल.

मजुरीचा हिस्सा ३० टक्के आहे. सोलापूर केंद्राचा निर्देशांक आधार तिमाहीत १४० होता, आता सरासरी १४७ आहे, म्हणजे ५ टक्के वाढ. २ कोटी ४ लाखांच्या ३० टक्क्यांवर ५ टक्के काढले की ३,०६,००० रुपये येतात. इतर साहित्याचा हिस्सा ५५ टक्के, घाऊक किंमत निर्देशांक १५० वरून १५३, म्हणजे २ टक्के वाढ, रक्कम २,२४,४००. इंधनाचा हिस्सा १५ टक्के. डिझेल मात्र ३ टक्क्यांनी उतरलं, म्हणून ही ओळ उणे ९१,८०० आहे.

सिमेंटचा निर्देशांक १३० वरून १२७.४ वर आला. २ टक्के घट, ६० लाखांवर उणे १,२०,०००. सळईचा १४० वरून १४९.८ झाला. ७ टक्के वाढ, १ कोटीवर ७,००,०००. सगळ्यांची बेरीज १०,१८,६०० रुपये.

४ कोटींवर ही रक्कम अडीच टक्क्यांच्या आसपास बसते. पण तिच्या पोटात पाहिलं तर सळईचे एकटीचे ७ लाख आहेत. हेच ४ कोटी पुढच्या वर्षी गिलावा, फरशी आणि दारं-खिडक्यांचे असते, तर सळईची ओळ जवळजवळ शून्य असती. म्हणून ‘गेल्या कामाला अडीच टक्के लागले होते, इथेही तेवढेच धरू’ हा हिशेब टिकत नाही. कोणत्या तिमाहीत काय बसणार, ते कार्यक्रम तक्त्यावरून पाहावंच लागतं.

आम्ही सळई स्टार रेटपेक्षा महाग घेतली. तो फरक मिळेल का?

नाही. स्टार रेट हा फक्त हिशेबाचा पाया आहे. निर्देशांक सात टक्के हलला तर स्टार रेटच्या किमतीवर सात टक्के मिळतात, मग तुम्ही सळई जालन्याहून थेट आणा किंवा इथल्या व्यापाऱ्याकडून उधारीवर घ्या. खरेदीची बिलं परिमाण आणि दर्जा सिद्ध करायला लागतात, दर सिद्ध करायला नाही.

कमी दरानं काम घेणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. P हा निविदा दरानं मोजला जातो, पण वजा होणारी सिमेंट-सळईची किंमत मूळ स्टार रेटनंच मोजली जाते. वरचं ४ कोटींचं काम वीस टक्के कमी दरानं घेतलं असेल, तर त्याची किंमत ३ कोटी २० लाख होते. त्यातून तेच १ कोटी ६० लाख वजा झाले की P राहतो १ कोटी ६० लाख. निविदा वीस टक्के खाली गेली, पण भाववाढीचा पाया २ कोटी ४० लाखांवरून एक तृतीयांशानं घसरला. दर भरताना ‘पुढे भाववाढीत निघेल’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे गणित आधी करून पाहावं.

अंदाजपत्रकात भाववाढीची तरतूद किती करायची?

टक्का शोधत बसू नका. कामाचा तिमाहीवार पैसा मांडा आणि प्रत्येक तिमाही आधार तिमाहीपासून किती लांब आहे ते मोजा. बाकीचं त्यावरून निघतं.

३० कोटींचं, २४ महिन्यांचं काम घेऊ. जुलैत सुरू होणार आहे आणि आधार तिमाही ऑक्टोबर-डिसेंबर आहे. आठ तिमाह्यांत काम असं होईल असं धरू: १, २, ४, ५, ५, ५, ५ आणि शेवटी ३ कोटी. पहिली तिमाही आधारापासून ३ तिमाह्या दूर आहे, दुसरी ४, असं करत शेवटची १०. प्रत्येक तिमाहीची रक्कम तिच्या अंतरानं गुणून बेरीज घेतली की २११ येतात. सोपेपणासाठी सगळे निर्देशांक वर्षाला ६ टक्के, म्हणजे तिमाहीला दीड टक्का वाढतील असं मानू. २११ चे दीड टक्के ३.१६५ कोटी. सिमेंट आणि सळई मिळून कामाच्या ४० टक्के असतील, तर त्यांना पूर्ण आणि बाकी ६० टक्क्यांना ०.८५ लावून सरासरी गुणक ०.९१ येतो. तरतूद निघते साधारण २ कोटी ८८ लाख.

आता नेहमीच्या दोन पद्धती याच्याशेजारी ठेवा. पहिली: वर्षाला ६, दोन वर्षांचे १२ टक्के, ३० कोटींवर ३ कोटी ६० लाख. ही तरतूद जास्त होते, कारण सगळं काम काही शेवटच्या दिवशी होत नसतं. दुसरी: कार्यारंभ आदेशापासून मोजायचं, म्हणजे अंतरं ० ते ७. मग बेरीज १२१ येते आणि तरतूद १ कोटी ६५ लाखांवर थांबते. निविदा प्रक्रियेतल्या तीन तिमाह्या विसरल्याची किंमत १ कोटी २३ लाख आहे. सुप्रमाचे प्रस्ताव बहुतेक या फरकातूनच जन्माला येतात.

या गणितातून आणखी एक आकडा निघतो आणि तो प्रत्येक कार्यकारी अभियंत्याच्या टेबलावर असावा. सगळं काम एका तिमाहीनं पुढे गेलं तर ३० कोटी गुणिले दीड टक्का गुणिले ०.९१, म्हणजे जवळपास ४१ लाख वाढतात. जागेचा ताबा, झाडं तोडण्याची परवानगी, वीजवाहिनी हलवणं यांपैकी काहीही तीन महिने अडलं की त्याची किंमत ४१ लाख. ही किंमत टिपणीत लिहिली, तर वरच्या टेबलावर फाईल लवकर हलते.

सहा टक्के हा मी उदाहरणासाठी धरलेला वेग आहे. प्रत्यक्षात प्रत्येक घटकाचा मागच्या तीन-चार वर्षांचा वेग वेगळा काढा. पोलादाचा निर्देशांक एका वर्षात चढतो आणि दुसऱ्या वर्षात उतरतो, ग्राहक किंमत निर्देशांक मात्र हळूहळू चढत राहतो. दोघांना एकच टक्का लावणं हा फक्त पहिला अंदाज आहे.

वर्षवार बजेटमध्ये ही रक्कम कशी वाटायची?

ज्या वर्षी काम, त्या वर्षी भाववाढ, असं वाटलं तर वरच्या उदाहरणात पहिल्या आर्थिक वर्षात ४२ लाख, दुसऱ्यात २ कोटी ५ लाख आणि तिसऱ्यात ४१ लाख येतात. पण देयक काम संपल्याबरोबर करता येत नाही. मार्चचा ग्राहक किंमत निर्देशांक एप्रिलअखेर येतो. घाऊक निर्देशांक आधी तात्पुरता येतो आणि साधारण दहा आठवड्यांनी अंतिम होतो. म्हणजे जानेवारी-मार्च तिमाहीचं भाववाढीचं देयक पुढच्या आर्थिक वर्षातच जाणार.

हे सरकणं धरून पुन्हा मांडलं की पहिल्या वर्षी फक्त १५ लाख लागतात, दुसऱ्या वर्षी १ कोटी ७१ लाख आणि तिसऱ्या वर्षी १ कोटी २ लाख. तिसऱ्या वर्षी काम उरलंय फक्त ३ कोटींचं, त्यामुळे लेखा शाखा त्या शीर्षाखाली किरकोळ रक्कम ठेवते आणि १ कोटीचं भाववाढीचं देयक तरतुदीविना पडून राहतं. पहिल्या वर्षी उरलेली रक्कम मार्चअखेर समर्पित झालेली असते. हे टाळायचं तर बजेट मागणीच्या तक्त्यात भाववाढीचा रकाना कामाच्या रकान्यापासून वेगळा ठेवा.

भाववाढीवर जीएसटी लागतो का?

लागतो, कारण ती कामाच्या मोबदल्याचाच भाग आहे. राज्य शासन आणि स्थानिक संस्थांच्या बांधकाम करारांवरचा दर १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. वरच्या एका तिमाहीच्या १०,१८,६०० वर १,८३,३४८ रुपये कर येतो आणि खात्यातून जाणारी रक्कम १२,०१,९४८ होते. निविदा दर जीएसटीसह होते की वगळून, हे आधी पाहा. वगळून असतील तर तरतुदीच्या आकड्यावरही कर धरा. २ कोटी ८८ लाखांवर तो जवळपास ५२ लाख आहे.

मुदतवाढीच्या काळात भाववाढ मिळते का?

उशीर कोणामुळे झाला, यावर ते ठरतं. जागा उशिरा मिळाली, नकाशे उशिरा आले, आषाढी वारीच्या काळात पंढरपूरकडच्या रस्त्याचं काम प्रशासनानं थांबवायला सांगितलं, अशा कारणांची मुदतवाढ मंजूर झाली की तो काळ कलमाच्या चालू कालावधीत मोजला जातो. कंत्राटदाराच्या दोषामुळे उशीर झाला असेल तर तो मोजला जात नाही. केंद्राच्या नियमातही हेच तत्त्व आहे.

अडचण इथे कागदाची असते. मुदतवाढीच्या आदेशात नुसतं ‘मुदतवाढ देण्यात येत आहे’ असं लिहिलं, तर भाववाढ द्यायची की नाही, हे दोन वर्षांनी लेखापरीक्षक ठरवतो. किती दिवस खात्यामुळे आणि किती दिवस कंत्राटदारामुळे, हे आदेशातच तोडून लिहायला हवं. कंत्राटदारानंही काम थांबलं त्याच आठवड्यात पत्र द्यावं आणि आवक क्रमांक घ्यावा. वारी होऊन गेल्यावर मार्गशीर्षात दिलेल्या पत्राला वजन राहत नाही.

निर्देशांकाचं पायाभूत वर्ष मधेच बदललं तर?

हे प्रत्यक्षात झालं आहे. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक २००१ च्या पायावर चालू होता. सप्टेंबर २०२० पासून तो २०१६ च्या पायावर आला. जुन्या मालिकेत ३४० च्या घरात असलेला आकडा नव्या मालिकेत एकदम १२० च्या घरात दिसू लागला. L0 जुन्या मालिकेतला आणि L1 नव्या मालिकेतला घेतला, तर मजुरी दोन तृतीयांशानं स्वस्त झाली असं निघतं आणि लाखो रुपयांची वसुली उभी राहते.

यासाठी जोडगुणक असतो. अखिल भारतीय निर्देशांकासाठी तो २.८८ आहे. नवा १२० गुणिले २.८८ म्हणजे ३४५.६. जुन्या ३४० शी तुलना केली की वाढ १.६५ टक्के, आणि हेच खरं उत्तर. प्रत्येक केंद्राचा गुणक मात्र वेगळा आहे. तुमच्या निविदेत सोलापूर केंद्र असेल तर लेबर ब्युरोनं सोलापूरसाठी दिलेलाच गुणक वापरा, २.८८ लावू नका.

घाऊक किंमत निर्देशांकाचा २०११-१२ हा पाया बदलून २०२२-२३ करण्यासाठी केंद्रानं जानेवारी २०२५ मध्ये कार्यगट नेमला. आज लांब मुदतीची निविदा काढणाऱ्यानं म्हणूनच एक वाक्य अटींत घालावं: मालिका बदलल्यास प्रसिद्ध करणाऱ्या कार्यालयाचा अधिकृत जोडगुणक वापरला जाईल. सिमेंट आणि सळईच्या ओळींसाठी निर्देशांकातल्या कोणत्या वस्तुगटाचं नाव धरायचं, तेही नेमकं लिहावं. नव्या मालिकेत गटांची नावं आणि फोड बदलते, आणि ‘पोलाद’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणता आकडा घ्यायचा यावरून वाद होतो.

निर्देशांक उतरले तर वसुली खरंच होते?

होते, कलम दोन्ही बाजूंनी चालतं. पण उणे तिमाहीचं देयक कोणी स्वतःहून मांडत नाही. कंत्राटदाराला ते नको असतं आणि शाखेला कामाच्या गर्दीत आठवत नाही. मग अंतिम देयकाच्या वेळी चार-पाच तिमाह्यांची वसुली एकदम निघते. तेव्हा हातात फक्त सुरक्षा ठेव उरलेली असते. प्रत्येक तिमाहीचा तक्ता करा, उत्तर अधिक येवो वा उणे. उणे रक्कम पुढच्या चालू देयकातून लगेच वळती करा. कंत्राटदारालाही लाखाची वजावट तिमाहीला सोसते, शेवटी एकरकमी सोसत नाही.

देयकासोबत कोणते कागद हवेत?

त्या तिमाहीत मोजमाप पुस्तिकेत नोंदलेल्या कामाचा गोषवारा, सिमेंट आणि सळईचा खप तक्ता, आणि आधार व चालू तिमाहीच्या प्रत्येक महिन्याच्या निर्देशांकाची छापील प्रत. खप तक्ता मोजमापाशी जुळला पाहिजे. २०० टन सळई दाखवली असेल तर मोजमाप पुस्तिकेतल्या सळईच्या बाबीतही तेवढीच दिसली पाहिजे, आवारात आणून टाकलेला माल धरायचा नाही. चालू दरसूचीनं मंजूर झालेल्या जादा बाबी P मधून वगळा, त्यांच्या दरात आजचा भाव आधीच आलेला आहे.

काम एका तिमाहीत झालं आणि मोजमाप पुढच्या तिमाहीत नोंदलं, असं वारंवार होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकलेला स्लॅब ऑक्टोबरच्या चालू देयकात दिसतो आणि त्याला ऑक्टोबर-डिसेंबरचा निर्देशांक लागतो. सळई चढती असेल तर खात्याचं नुकसान, उतरती असेल तर कंत्राटदाराचं. शाखा अभियंत्यानं मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी झालेल्या कामाचं मोजमाप कंत्राटदाराच्या माणसाला सोबत घेऊन करावं आणि त्याच तारखेला दोघांच्या सह्या घ्याव्यात. देयक नंतर निघालं तरी तिमाही त्या तारखेवरूनच ठरते.